एका माणसाचा रक्तदाब की सगळ्यांची सरासरी? एसडी आणि सीआयचे प्रश्न सोडवताना

माझी भाची एमबीबीएसला आहे. कॉलेज नेरूळच्या बाजूला आणि घर ठाण्यात, आमच्याच सोसायटीत. पीएसएमची, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राची, परीक्षा जवळ आली की ती संध्याकाळी माझ्या डायनिंग टेबलावर पसारा मांडून बसते, कारण मी बरीच वर्षं मेडिकलच्या मुलांची बायोस्टॅटची ट्यूटोरियल्स घेतली आहेत. परवा तिनं चुकवलेला एक प्रश्न असा होता:

१४४ निरोगी पुरुषांचा सिस्टोलिक रक्तदाब मोजला. सरासरी १२४, एसडी १२. यांपैकी सुमारे ९५ टक्के पुरुषांचा रक्तदाब कोणत्या मर्यादेत असेल?

पर्याय चार. अ) ११२ ते १३६, ब) १०० ते १४८, क) १२२ ते १२६, ड) १२३ ते १२५.

तिनं ‘क’ला गोल केला होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “मावशी, ९५ टक्के म्हटलं की सीआय. एवढं तर पाठ आहे.”

तेच पाठांतर नडलं. एसडी, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, सांगतो की एकेक माणूस सरासरीपासून साधारण किती दूर असतो. सीआय, म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल, हा खऱ्या सरासरीचा अंदाज देणारा पट्टा. या प्रश्नाची गंमत अशी, की चारही पर्याय बरोबर आहेत, फक्त प्रत्येक पर्याय वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. प्रश्न काढणारा माणूस आकडे हवेतून आणत नाही. विद्यार्थी कुठे घसरतो हे त्याला माहीत असतं आणि नेमकं तिथलं उत्तर तो पर्यायात ठेवतो. म्हणून एका प्रश्नाचं उत्तर शोधत बसण्यापेक्षा हे चार पर्याय कुठून आले ते बघू. ते कळलं की या धड्यावरचे बहुतेक प्रश्न आटोपतात.

आधी शेवटची ओळ वाचा

प्रश्न वाचताना आकड्यांना हात लावायच्या आधी शेवटचं वाक्य वाचायचं आणि एकच गोष्ट ठरवायची: विचारलंय ते सुट्या माणसांबद्दल की सरासरीबद्दल?

‘किती पुरुषांचा रक्तदाब’, ‘या मुलाचं वजन’, ‘किती टक्के बाळं’, ‘निरोगी व्यक्तींची मर्यादा’ असे शब्द आले की प्रश्न सुट्या माणसांचा. तिथे एसडी वापरायचा. ‘लोकसंख्येची खरी सरासरी’, ‘अंदाज किती नेमका’, ‘पुन्हा नमुना घेतला तर त्याची सरासरी’ असे शब्द आले की प्रश्न सरासरीचा. तिथे स्टँडर्ड एरर, म्हणजे एसई.

आपल्या प्रश्नात ‘९५ टक्के पुरुषांचा रक्तदाब’ असं स्पष्ट लिहिलंय. प्रश्न पुरुषांचा आहे, त्यांच्या सरासरीचा नाही. सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन दोन एसडी, म्हणून उत्तर ‘ब’. आणि १४४ हा आकडा? या प्रश्नात त्याची गरजच नव्हती. तो गळाला लावलेला दाणा होता. n, म्हणजे नमुन्यातली संख्या, दिसला की वर्गमूळ काढायला हात शिवशिवतात, हे पेपर काढणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

भाचीला हे कळलं, पण पटलं नाही. मग मी तिला तिचीच वही काढायला सांगितली.

ट्रान्स हार्बरची वही

उशीर झाला की घरी सांगायला पुरावा हवा, म्हणून ही मुलगी घरापासून कॉलेजच्या गेटपर्यंत किती मिनिटं लागली ते रोज लिहून ठेवते. घोडबंदर रोडवरून रिक्षा, ठाणे स्टेशन, मग ट्रान्स हार्बरची गाडी, तुर्भ्याच्या पुढे जुईनगर, नेरूळ आणि शेवटची पायपीट. पंचवीस दिवसांच्या नोंदी होत्या. आम्ही सरासरी काढली, ७० मिनिटं. एसडी १० मिनिटं.

आता दोन प्रश्न. पहिला: परीक्षेच्या दिवशी किती मिनिटं हाताशी ठेवून निघायचं? दुसरा: तुझ्या प्रवासाची खरी सरासरी वेळ किती असावी?

पहिला प्रश्न एका दिवसाचा आहे, आणि एकेक दिवस सरासरीपासून साधारण १० मिनिटं इकडेतिकडे होतो. दुसरा प्रश्न सरासरीचा. पंचवीस दिवसांची सरासरी काढताना कुठे रिक्षा मिळाली नाही, कुठे गाडी वेळेवर आली, हे सगळं एकमेकांत जिरतं. सरासरी एकेका दिवसाइतकी हलत नाही. किती कमी हलते, ते या सूत्रात आहे:

```
SE = SD / √n
SE = 10 / √25 = 2
```

दोन्ही बाजूंना दोन दोन एसई घेतले, म्हणजे खऱ्या सरासरीसाठी ९५ टक्के सीआय सुमारे ६६ ते ७४ मिनिटं.

आता कल्पना करा, ही मुलगी ‘९५ टक्के म्हणजे सीआय’ म्हणत परीक्षेला ७४ मिनिटं आधी निघाली. वहीत बघितलं, तर पंचवीसपैकी सात दिवस तिला ७४ पेक्षा जास्त वेळ लागला होता. म्हणजे जवळजवळ दर साडेतीन दिवसांत एकदा पेपर हुकणार. ती वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे मी क लिहिलं तेव्हा पेपरच बुडवला.” त्यानंतर मला एसडी आणि एसईमधला फरक समजावून सांगावा लागला नाही.

वक्राचे तुकडे करून ठेवा

सुट्या माणसांचा प्रश्न आहे हे ठरलं की कच्च्या कागदावर नॉर्मल वितरणाचा घंटेसारखा वक्र काढायचा. खाली सात खुणा करायच्या: मधे सरासरी, उजवीकडे एक, दोन, तीन एसडी आणि डावीकडेही तसंच. आपल्या रक्तदाबाच्या उदाहरणात त्या खुणा ८८, १००, ११२, १२४, १३६, १४८, १६० अशा येतात.

मुलं ६८, ९५, ९९.७ हे तीन आकडे पाठ करतात आणि मग ‘१३६ ते १४८ मध्ये किती’ असं विचारलं की अडकतात. त्यापेक्षा तुकडे लक्षात ठेवावेत. सरासरीपासून पहिल्या खुणेपर्यंत ३४ टक्के. पहिलीपासून दुसरीपर्यंत साडेतेरा. दुसरीच्या पलीकडे जे उरलं ते अडीच. दुसरी बाजू आरशातल्यासारखी तशीच. एका बाजूची बेरीज ५० आली की आकडे बरोबर आठवले.

आता कुठलाही प्रश्न तुकडे जोडून सुटतो. १३६ च्या वर किती? साडेतेरा अधिक अडीच, १६ टक्के. म्हणजे १४४ पैकी अंदाजे २३ पुरुष. ११२ ते १४८ मध्ये किती? ३४, ३४ आणि साडेतेरा, मिळून साडेएक्याऐंशी टक्के. ज्याचा रक्तदाब १३६ आहे तो कितव्या पर्सेंटाइलवर? त्याच्या खाली ५० अधिक ३४, म्हणून ८४ व्या. इथे नेहमीची चूक म्हणजे ६८ लिहिणं. ६८ टक्के हे दोन्ही बाजूंचे मिळून आहेत. पर्सेंटाइलमध्ये डावीकडचं सगळं मोजायचं असतं.

पर्याय ‘अ’ कुठून आला तेही आता दिसलं. तो एक एसडीचा पट्टा, ६८ टक्के पुरुषांचा.

आकडा खुणेवर बसला नाही, तर झेड स्कोअर काढायचा, म्हणजे तो आकडा सरासरीपासून किती एसडी दूर आहे ते. १४० च्या वर किती, असं विचारलं तर:

```
z = (x - mean) / SD
z = (140 - 124) / 12 = 1.33
```

तक्त्यात १.३३ च्या पलीकडे सुमारे ९ टक्के. परीक्षेत तक्ता मिळत नसेल तरी घाबरायचं कारण नाही. १४० हा १३६ आणि १४८ च्या मधे आहे, म्हणून उत्तर १६ आणि अडीच यांच्या मधेच असणार. बऱ्याचदा चारातला एकच पर्याय त्या पट्ट्यात असतो.

झेड स्कोअर हा बालरोग विभागात रोज वापरला जाणारा आकडा आहे. डब्ल्यूएचओच्या वाढीच्या तक्त्यावर उंचीच्या मानानं वजन उणे तीन एसडीच्या खाली गेलं तर ते तीव्र कुपोषण. तिथला ‘उणे तीन’ आणि इथला झेड एकच. मुलाचा झेड काढताना भागायचं ते एसडीनंच, कारण मूल एक आहे.

वक्र बसतच नसेल तर

वरचं सगळं गणित माहिती घंटेच्या आकाराची असेल तरच चालतं. रक्तदाब, उंची, जन्मवजन हे बऱ्यापैकी तसे असतात. वॉर्डात किती दिवस राहिले, ट्रायग्लिसराइड किती, आजाराचा अधिशयन काळ किती, हे तसे नसतात. त्यांची शेपटी उजवीकडे लांब असते, कारण खाली शून्याची भिंत आहे आणि वर मोकळं रान.

पेपरात आलेख दिलेला नसतो, मग ओळखायचं कसं? एक झटपट कसोटी आहे. सरासरीतून दोन एसडी वजा करून बघा. समजा प्रश्नात दिलंय की रुग्ण सरासरी ५ दिवस दाखल होते, एसडी ४ दिवस. दोन एसडी मागे गेलात तर उणे तीन दिवस. उणे तीन दिवस कोणी अॅडमिट राहत नाही. म्हणजे घंटा इथे बसत नाही आणि ‘९५ टक्के रुग्ण उणे ३ ते १३ दिवस’ हा पर्याय सापळा आहे. अशा ठिकाणी मध्यक आणि पर्सेंटाइल वापरायचे.

भाचीच्या वहीतही हेच होतं. सरासरीतून दोन एसडी मागे गेलं तर ५० मिनिटं येतात, पण तिचा सर्वांत चांगला दिवस ५८ मिनिटांचा होता. गाडी काही उडत येणार नाही. वाईट दिवसाला मात्र लगाम नाही, एकदा १०० मिनिटं लागली होती. मध्यक ६७, सरासरी ७०. सरासरी मध्यकाच्या उजवीकडे ओढली गेली, की शेपटी उजवीकडे आहे असं समजायचं.

आणि इथेच एक बारीक गोष्ट आहे, जी चांगल्या मुलांनाही गोंधळात टाकते. माहिती वाकडी असली तरी मोठ्या नमुन्याच्या सरासरीचा सीआय बहुधा ठीक असतो. सुटे दिवस घंटेत बसत नसले, तरी पुन्हापुन्हा घेतलेल्या मोठ्या नमुन्यांच्या सरासऱ्या घंटेसारख्या पसरतात. याला सेंट्रल लिमिट थिअरम म्हणतात. त्यामुळे २०० रुग्णांच्या दाखल दिवसांवरून खऱ्या सरासरीचा सीआय मागितला तर बिनधास्त काढा. ‘९५ टक्के रुग्ण किती दिवस राहतात’ असं विचारलं तर मात्र त्याच आकड्यांना हात लावू नका.

आता सरासरीचा प्रश्न

मूळ उदाहरणाकडे परत येऊ. १४४ पुरुष, एसडी १२. वर्गमूळ १२, म्हणून एसई नेमका १. पेपर काढणारे n नेहमी असेच सोयीचे घेतात: २५, ३६, ६४, १००, १४४, ४००. प्रश्नात असा पूर्णवर्ग दिसला तर एसई लागेलही, पण लागेलच असं नाही. सुरुवातीचा प्रश्न आठवा.

सरासरीच्या दोन्ही बाजूंना एकेक एसई घेतला तर १२३ ते १२५, म्हणजे पर्याय ‘ड’, हा साधारण ६८ टक्के सीआय. दोन एसई घेतले तर १२२ ते १२६, म्हणजे पर्याय ‘क’, हा ९५ टक्के सीआय. काटेकोर गुणक १.९६ आहे, पण पर्याय दोननं गुणून काढलेले दिसले तर दोन वापरा आणि पुढे चला. ९० टक्क्यांसाठी १.६४५, ९९ साठी २.५८. खात्री जास्त हवी तर पट्टा रुंद करावा लागतो. ‘९९ टक्के सीआय जास्त अचूक, म्हणून अरुंद’ हा पर्याय वाचायला छान वाटतो आणि दरवर्षी कोणीतरी त्यात सापडतं.

नमुना लहान असेल तर गुणक दोनपेक्षा मोठा लागतो, कारण तेव्हा एसडीसुद्धा अंदाजानंच काढलेला असतो. हा हिशोब डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला असलेल्या विल्यम गॉसेटनं १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावानं छापला. स्टुडंट्स टी मधला स्टुडंट तो हा. पंचवीस नोंदींसाठी गुणक २.०६ येतो, म्हणून भाचीच्या सीआयमध्ये काही सेकंदांचाच फरक पडला. दहाबारा नोंदींवर मात्र तो दुर्लक्ष करण्याजोगा नसतो.

पट्टा अर्धा करायचा तर माणसं किती घ्यावी लागतील? दुप्पट नव्हे, चौपट, कारण n वर्गमुळात आहे. १४४ ऐवजी ५७६ घेतले तर एसई ०.५ होईल आणि सीआय १२३ ते १२५. एसडीचं काय होईल? काही नाही, तो १२ च्या आसपासच राहील. पुरुष जास्त मोजले म्हणून त्यांचे रक्तदाब एकमेकांच्या जवळ येत नाहीत. ‘नमुना वाढवला की एसडी कमी होतो’ हे विधान खोटं आहे, आणि चूक की बरोबर प्रकारच्या प्रश्नांत ते हमखास येतं.

आता सीआयचा अर्थ. ही कल्पना यर्झी नेमननं १९३७ मध्ये मांडली आणि तिचा नेमका अर्थ थोडा आडवळणाचा आहे. असेच १४४ पुरुषांचे नमुने पुन्हापुन्हा घेतले आणि प्रत्येकातून असा पट्टा काढला, तर शंभरपैकी सुमारे ९५ पट्टे खऱ्या सरासरीला कवेत घेतील. आपला १२२ ते १२६ हा त्यातला एक पट्टा. खरी सरासरी आहे तिथेच आहे, हलतात ते पट्टे. प्रश्नात या अर्थाचा पर्याय असेल तर तोच निवडा. तो नसेल आणि ‘खरी सरासरी या पट्ट्यात असण्याची ९५ टक्के खात्री’ असं असेल, तर परीक्षक तेच मागतोय असं समजा. काटेकोर माणूस नाक मुरडेल, पण मार्क मिळतील. ‘९५ टक्के लोक या पट्ट्यात आहेत’ हा पर्याय मात्र कधीच बरोबर नाही. भाचीनं केलेली चूक तीच होती.

सीआय काय सांगत नाही, तेही एकदा बघून ठेवा. समजा हे १४४ पुरुष सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारणाऱ्यांतून निवडले. रोज चालणाऱ्यांचा रक्तदाब बाकी ठाणेकरांसारखा असेलच असं नाही. असे १४,४०० मोजले तर सीआय केसासारखा बारीक होईल, आणि तरी तो चुकीच्या जागी असू शकेल. पट्ट्याची रुंदी फक्त योगायोगानं होणारी हालचाल मोजते. निवडीतला कल तिला दिसत नाही.

१२४ ± काय?

जर्नल क्लबला पेपर वाचताना तक्त्यात ‘१२४ ± १’ असं लिहिलेलं दिसतं आणि तळटीप वाचायचा कंटाळा येतो. तो १ एसडी आहे की एसई? शहाणपण वापरा. प्रौढ पुरुषांचा सिस्टोलिक रक्तदाब एकमेकांपासून जेमतेम १ मिलिमीटरनं वेगळा असेल का? एका सोसायटीच्या लिफ्टमधल्या चार माणसांचासुद्धा तसा नसतो. म्हणजे तो एसई. वर्गमूळ n नं गुणा: १ गुणिले १२, एसडी १२ परत मिळाला. काही लेखक एसई छापतात कारण आकडा लहान आणि नीटनेटका दिसतो. माझ्या मते रुग्णांची माहिती देताना एसडीच छापायला हवा, पण माझं कोण ऐकतंय.

उलटा प्रवास सीआयवरूनही होतो. सीआय १२२ ते १२६, n १४४, एसडी किती? पट्ट्याची रुंदी ४. दोन्ही बाजूंना दोन दोन एसई, म्हणून चारनं भागा, एसई १. मग बारानं गुणा. हा प्रश्न अवघड दिसतो, पण पायऱ्या दोनच आहेत.

दोन गट आले की

तुलनेच्या प्रश्नात सीआय कशाचा आहे ते आधी बघायचं. फरकाचा असेल तर ‘काही परिणाम नाही’ म्हणजे शून्य. रिलेटिव्ह रिस्क किंवा ऑड्स रेशो अशा दोन गटांच्या गुणोत्तराचा असेल तर ‘काही परिणाम नाही’ म्हणजे एक. रिलेटिव्ह रिस्क ०.८० आणि सीआय ०.६२ ते १.०४ असेल, तर पट्ट्यात १ आहे, म्हणून ५ टक्के पातळीवर फरक सिद्ध झाला नाही. गडबडीत मुलं त्यात शून्य शोधतात. शून्य सापडत नाही म्हणून ‘सिग्निफिकंट’ लिहून मोकळी होतात.

यापेक्षा खोल सापळा दोन पट्टे एकमेकांवर चढण्याचा आहे. आपल्या गटाची सरासरी १२४, सीआय १२२ ते १२६. दुसऱ्या तेवढ्याच गटाची १२७, एसई तोच १, सीआय १२५ ते १२९. पट्टे १२५ ते १२६ मध्ये एकमेकांवर चढलेत. म्हणून फरक नाही? असं म्हणायची घाई नको. फरकाचा स्वतःचा सीआय काढा:

```
SE(diff) = √(1² + 1²) = 1.41
CI = 3 ± 2 × 1.41 = 0.2 to 5.8
```

त्यात शून्य नाही, फरक सिग्निफिकंट आहे. एसई बेरजेनं वाढत नाहीत, वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळानं वाढतात, म्हणून असं होतं. लक्षात ठेवायचं ते एवढंच: पट्टे अजिबात चढत नसतील तर फरक आहे असं म्हणता येतं, थोडे चढत असतील तर नुसतं बघून काही म्हणता येत नाही. आणि हो, फरक सिग्निफिकंट असला तरी ३ मिलिमीटरमुळे कोणाची गोळी बदलत नाही. तो डॉक्टरचा प्रश्न, सांख्यिकीचा नव्हे.

रिपोर्टवरचा ठळक आकडा

मागच्या वर्षी आमच्या वहिनी कॅम्पातून फुल बॉडी चेकअप करून आल्या. वीसेक चाचण्या आणि एक आकडा ठळक छापलेला. रात्रभर झोप नाही. बऱ्याच चाचण्यांची संदर्भ मर्यादा निरोगी माणसांच्या मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवतात, म्हणजे ढोबळमानानं सरासरी अधिक उणे दोन एसडी. म्हणजे ठणठणीत माणसांपैकीसुद्धा ५ टक्के मर्यादेबाहेर पडणारच, ते व्याख्येतच आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर किमान एक बाहेर पडण्याची शक्यता:

```
1 - 0.95^20 = 0.64
```

६४ टक्के. परीक्षेत हा प्रश्न येतो तेव्हा मुलं २० गुणिले ५ करून १०० टक्के लिहितात. नॉर्मल वितरणातला ‘नॉर्मल’ हा वक्राच्या आकाराचं नाव आहे, निरोगीपणाचा दाखला नाही. वहिनींची चाचणी आठवड्यानं पुन्हा केली, आकडा मर्यादेत आला. थोडासाच बाहेर गेलेला एकच आकडा असेल, तर डॉक्टरही आधी बहुधा हेच सांगतात.

एक सोडवून बघा

६४ नवजात बाळं, जन्मवजनाची सरासरी २.८ किलो, एसडी ०.४. चार प्रश्न: २.४ किलोच्या खाली किती टक्के? कमी वजनाची, म्हणजे २.५ किलोच्या खालची किती टक्के? खऱ्या सरासरीचा ९५ टक्के सीआय? आणि २५६ बाळं घेतली तर काय बदलेल?

भाचीनं आधी चार प्रश्नांसमोर पेन्सिलीनं ‘बाळ, बाळ, सरासरी, दोन्ही’ असं लिहिलं आणि मग आकडे धरले. २.४ म्हणजे बरोबर एक एसडी खाली, म्हणून १६ टक्के. २.५ साठी झेड उणे ०.७५, तक्त्यातून सुमारे २३ टक्के. एसई ०.४ भागिले ८, म्हणजे ०.०५, सीआय २.७ ते २.९. बाळं चौपट झाली की सीआय २.७५ ते २.८५, आणि २३ टक्क्यांचा आकडा जवळपास जागच्या जागी. शेवटच्या ओळीवर ती जरा थांबली, मग म्हणाली, “बाळांची वजनं थोडीच बदलणार!”

परीक्षेच्या दिवशी ती ९० मिनिटं आधी निघणार होती, सत्तर अधिक दोन एसडी. मी वहीतला १०० मिनिटांचा दिवस दाखवला, उजवीकडची लांब शेपटी. त्यावर ती ११० मिनिटं आधी निघाली आणि पाऊण तास गेटसमोरच्या टपरीवर चहा पीत बसली.